लॉगिन होत नाहीये: सर्व्हर बसलाय की आपलंच खातं गेलंय, हे कसं ओळखायचं

५ मार्च २०२४ ची रात्र आठवत असेल. साडेआठच्या सुमारास फेसबुक आणि इन्स्टाग्रामने भरपूर लोकांना आपोआप बाहेर काढलं, आणि परत आत जायला गेलं तर रोजचा बरोबर पासवर्ड टाकूनही "चुकीचा आहे" म्हणत होतं. साहजिकच पहिला विचार काय येणार, हॅक झालं. प्रत्यक्षात बिघाड त्यांच्याकडे होता आणि साधारण दोन तासांत सगळं परत आलं.

हे लिहायचं कारण म्हणजे ओळखीतले लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. सर्व्हर बसलेला असताना पासवर्ड बदलत बसतात आणि चांगल्या खात्याची वाट लावतात, नाहीतर खातं खरंच गेलेलं असताना "सगळ्यांचंच बंद आहे गं" म्हणून झोपून जातात. दुसरी चूक जास्त महागात पडते. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो तसाच पाळा, पायऱ्या उलटसुलट केल्या तर उत्तर चुकतं. उदाहरणं फेसबुक, इन्स्टा आणि गुगलची आहेत पण पद्धत कुठल्याही ॲपला चालते.

## ०. आधीची तयारी (लॉगिन चालू असतानाच)

हे आज करून ठेवा, कारण बाहेर फेकले गेल्यावर यातलं काहीच करता येत नाही.

खात्याच्या सेटिंगमध्ये कुठला ईमेल आणि कुठला मोबाईल नंबर आहे ते एकदा उघडून बघा. निम्म्या लोकांचा तिथे कॉलेजच्या वेळचा नंबर असतो, जे सिम आता दुसऱ्याच कुणाच्या खिशात आहे. मग ओटीपी जातो, पण आपल्याकडे येत नाही, आणि आपण म्हणतो सर्व्हर डाऊन आहे.

दुसरं, बॅकअप कोड कागदावर उतरवून ठेवा. गुगल एका वेळी १० कोड देतं, प्रत्येक ८ आकडी, आणि एक कोड एकदाच चालतो. नवीन संच काढला की जुना रद्द, त्यामुळे दोन कागद असतील तर जुना फाडून टाका. हे कोड त्याच फोनच्या गॅलरीत फोटो काढून ठेवू नका, फोनच हरवला तर ते पण गेले.

तिसरं, एक दुसरं डिव्हाइस लॉगिन अवस्थेत ठेवा, घरातला जुना लॅपटॉप किंवा टॅब चालेल. आणि दुसऱ्या गावात राहणारा, दुसऱ्या कंपनीचं सिम वापरणारा एक माणूस मनात धरून ठेवा, ज्याला रात्री फोन केला तरी तो चिडणार नाही. पुढे त्याचं काम आहे.

## १. पहिली दहा मिनिटं हात आवरा

लॉगिन फसलं की पासवर्ड एकदा सावकाश, डोळ्याचं चिन्ह दाबून अक्षरं दिसतील असं करून परत टाका. कॅप्स लॉक, कीबोर्ड मराठीवर राहणं, कॉपी करताना शेवटी आलेली स्पेस, एवढंच तपासा. दुसऱ्यांदाही फसलं तर थांबा, तिसऱ्यांदा टाकू नका.

का, तर बहुतेक प्लॅटफॉर्म लागोपाठ चुकीचे प्रयत्न मोजतात आणि काही वेळाने दारच बंद करतात. म्हणजे आधी फक्त त्यांचा बिघाड होता, आता त्यावर आपला एक वैयक्तिक अडथळा आपणच लावून घेतला. आणि मग सर्व्हर परत आल्यावर सगळे आत जातात, आपण बाहेरच.

या दहा मिनिटांत या गोष्टी करायच्या नाहीत:

- "Forgot password" दाबायचं नाही. सर्व्हर अर्धवट चालू असेल तर रिसेटचा मेल उशिरा येतो, आपण परत दाबतो, मग चार लिंका एकदम येतात आणि त्यातली बहुतेक वेळा शेवटचीच चालते.
- ॲप अनइन्स्टॉल करायचं नाही, डेटा क्लिअर करायचा नाही. फोनमध्ये अजून जिवंत असलेलं लॉगिन त्याने मरतं.
- दुसऱ्या डिव्हाइसवर आत असाल तर तिथून "चेक करायला" लॉगआउट करायचं नाही. हे मी स्वतः केलंय, आणि मग दोन्हीकडून बाहेर बसलो.

त्याऐवजी स्क्रीनशॉट काढा आणि वेळ लिहून ठेवा. वेळ क्षुल्लक वाटते, पण सहाव्या पायरीत सगळं तिच्यावरच अवलंबून आहे.

## २. मेसेज वाचा, पण त्यावर पूर्ण विश्वास ठेवू नका

इथे लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो. वाटतं की बिघाड असेल तर "सर्व्हरमध्ये अडचण" असंच लिहून येईल आणि "पासवर्ड चुकीचा" आलं म्हणजे दोष आपलाच. तसं नसतं. तीन मोठे बिघाड बघा, तिघांचं तोंड वेगळं होतं.

४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप सगळंच गेलं, आपल्याकडे रात्री नऊनंतर, आणि परत यायला सहा-सात तास लागले. त्या वेळी त्यांच्या नेटवर्ककडे जायचे रस्तेच इंटरनेटवरून पुसले गेले होते, त्यामुळे फेसबुकचं पानच उघडत नव्हतं, ब्राउझर म्हणायचा साइट सापडत नाही. इथे गोंधळ कमी, कारण पासवर्ड टाकायला जागाच नाही.

१४ डिसेंबर २०२० ला संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास गुगलची ओळख पटवणारी यंत्रणा बसली, साधारण ४७ मिनिटं. जीमेल उघडेना, लॉगिन असलेल्यांना यूट्यूब दिसेना. पण इनकॉग्निटो विंडोत, म्हणजे लॉगिन न करता, यूट्यूब मस्त चालत होतं! म्हणजे व्हिडिओचे सर्व्हर ठीक, फक्त "तू कोण" हे विचारणारा दरवाजा अडकलेला.

आणि तिसरी ती ५ मार्च २०२४ ची रात्र. पान उघडतं, खोके दिसतात, पासवर्ड टाकता येतो, आणि उत्तर येतं की चुकीचा. हे सगळ्यात फसवं.

तर मेसेजची किंमत अशी लावा. "Something went wrong", "Try again later" किंवा 500, 502, 503 असे आकडे आले तर कल त्यांच्या बाजूला. "Too many attempts" किंवा "Please wait a few minutes" आलं तर बहुतेक आपणच जास्त वेळा प्रयत्न केलाय, किंवा एकाच वायफायवरून खूप जण करतायत, हॉस्टेल-ऑफिसात होतं हे. खातं सस्पेंड केलंय, नियम मोडले, अपील करा असं आपल्या युजरनेमसकट दिसलं तर तो मामला वैयक्तिक, लोकांना विचारत बसू नका, थेट सहाव्या पायरीला जा. आणि "पासवर्ड चुकीचा" किंवा "Session expired" आलं तर काहीच ठरवू नका, पुढे चला.

> सावधान: अपील करा, नाहीतर २४ तासांत खातं बंद, असं मेसेजमध्ये किंवा कमेंटमध्ये कुणी लिंकसकट पाठवलं असेल तर ते हे नव्हे. खरं सस्पेन्शन लॉगिन करताना ॲपच्याच स्क्रीनवर दिसतं.

## ३. आपलं नेट आणि फोन आधी बाजूला काढा

हे पटकन होतं, पाच मिनिटं.

वायफाय बंद करून मोबाईल डेटावर बघा, किंवा उलट. दोन अगदी वेगळ्या साइट उघडा, एखादं वर्तमानपत्र आणि रेल्वेची साइट वगैरे. त्या पण रडत असतील तर प्रश्न आपल्या नेटचा. व्हीपीएन चालू असेल तर बंद करा, कारण त्याने आपण अचानक दुसऱ्या देशातून आल्यासारखे दिसतो आणि प्लॅटफॉर्म संशयाने अडवतो. अँड्रॉइडवर Private DNS मध्ये कधीकाळी जाहिराती अडवायला काही टाकलं असेल तर ते ऑटोमॅटिकवर आणा.

आणि फोनचं घड्याळ बघा. हसू नका. ऑथेंटिकेटर ॲपचा सहा आकडी कोड वेळेवरून तयार होतो आणि साधारण दर ३० सेकंदांनी बदलतो, घड्याळ चार-पाच मिनिटं पुढे-मागे असेल तर प्रत्येक कोड चुकीचाच येणार, पासवर्ड कितीही बरोबर असला तरी. तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा.

शेवटी ॲपऐवजी ब्राउझरमधून एकदा, फक्त एकदा, प्रयत्न करा. ब्राउझरमधून गेलं आणि ॲपमधून नाही, तर ॲप अपडेट करा, विषय संपला.

## ४. तीन दारं तपासा

खरी परीक्षा ही. तीन वेगळी दारं आहेत, तिन्ही बघितल्याशिवाय निकाल द्यायचा नाही.

पहिलं दार, लॉगिन नसलेलं. इनकॉग्निटो उघडून प्लॅटफॉर्मचं असं पान बघा जे लॉगिन न करता दिसतं. ते पण उघडत नसेल आणि बाकी नेट ठीक असेल तर त्यांचा मोठा बिघाड. ते उघडतंय म्हणून मात्र "सर्व्हर ठीक आहे" असं म्हणू नका, गुगलचा किस्सा आठवा.

दुसरं दार, आधीच लॉगिन असलेलं डिव्हाइस. घरातला तो लॅपटॉप उघडा. आत असाल तर काहीतरी नवीन मागवा, म्हणजे रिफ्रेश करा, कधी न बघितलेलं प्रोफाइल शोधा. नुसती फीड दिसते याला अर्थ नाही, फोनमध्ये साठवलेल्या जुन्या पोस्टही दिसत राहतात. जुनं लॉगिन मस्त चालतंय आणि नवीन लॉगिन होत नाहीये, असं असेल तर दोन शक्यता राहतात: लॉगिनचा विभागच बसलाय, किंवा कुणीतरी पासवर्ड बदललाय पण या डिव्हाइसला बाहेर काढायचं राहिलंय. दुसरी शक्यता असेल तर हे डिव्हाइस म्हणजे सोनं आहे, तिथून सेटिंगमध्ये ईमेल-नंबर आपलेच आहेत का ते लगेच बघा.

तिसरं दार, दुसऱ्याचं खातं. आता त्या दूरच्या माणसाला फोन करा. फोनच करा, किंवा साधा एसएमएस, कारण २०२१ सारखं झालं तर व्हॉट्सॲप पण त्याच घरातलं. आणि प्रश्न नीट विचारा. "तुझं चालू आहे का?" असं विचारलं की तो फीड वर-खाली करून "हो चालू आहे की" म्हणतो आणि आपण घाबरतो. विचारायचं असं: "ॲप पूर्ण बंद करून उघड, रिफ्रेश कर, गेल्या पाच मिनिटांतली नवी पोस्ट येते का सांग." त्याला लॉगआउट करून बघ असं चुकूनही सांगू नका, तो बाहेर अडकला तर शिव्या आपल्याला.

घरातल्याच माणसाला विचारलेलं धरू नका, तो आपल्याच वायफायवर असतो.

चेक: वेगळ्या गावात, वेगळ्या नेटवर, दोन जणांना त्रास असेल तर बिघाड जवळपास पक्का. दोघांचं नवीन पोस्टसकट चालत असेल तर संशय आपल्या खात्यावर. एकाचं चालतंय एकाचं नाही, हे अर्धवट बिघाडात नेहमी होतं, कारण मोठे प्लॅटफॉर्म सगळ्यांसाठी एकाच क्षणी पडत नाहीत आणि एकाच क्षणी उठतही नाहीत.

## ५. आकडे बघा, पण वाचायचे कसे ते बघून

downdetector.in वर गेलात की आलेख दिसतो. लक्षात घ्या, तिथे कुणी सर्व्हर मोजत नाही, लोकांनी केलेल्या तक्रारी मोजल्या जातात. त्यामुळे आकडा किती हे महत्त्वाचं नाही, नेहमीच्या पातळीपेक्षा किती वर उडी आहे हे महत्त्वाचं. मोठ्या प्लॅटफॉर्मवर दिवसभर थोड्या तक्रारी असतातच, त्या पासवर्ड विसरलेल्या लोकांच्या. सपाट रेषेवरून एकदम सुळका वर गेलेला दिसला पाहिजे, आणि सुळक्याची सुरुवात तुम्ही लिहून ठेवलेल्या वेळेच्या आसपास पाहिजे.

खाली लोकांना नेमकी अडचण कशात आहे याचे टक्के दिसतात, त्यात लॉगिनचा वाटा मोठा आहे का बघा. मग शेजारचे आलेख बघा. एकट्या इन्स्टाचा सुळका असेल तर इन्स्टा. जिओ, गुगल, बँका सगळ्यांचाच असेल तर कुठलातरी समाईक धागा तुटलाय. १८ नोव्हेंबर २०२५ ला क्लाउडफ्लेअर बसलं तेव्हा डाउनडिटेक्टरलाच फटका बसला होता, म्हणजे मोजणाराच आजारी. म्हणून एकाच जागेवर अवलंबून राहू नका, एक्सवर नाव टाकून "Latest" मध्ये बघा, गुगलसाठी त्यांचं स्टेटस पान google.com/appsstatus आहे. अधिकृत पानावर हिरवं दिसतंय म्हणजे सगळं आलबेल असं नाही, तिथे लाल व्हायला वेळ लागतो.

> सावधान: बिघाडाच्या वेळी "हेल्पलाइन नंबर" आणि "अकाउंट रिकव्हर करून देतो" वाल्यांचा सुळसुळाट होतो. खाली कमेंटमध्ये मिळालेल्या नंबरवर फोन करायचा नाही, स्क्रीन शेअर करायची नाही, ओटीपी सांगायचा नाही.

## ६. बिघाड पक्का झाला तरी इनबॉक्स बघाच

ही पायरी सगळे गाळतात.

ज्या ईमेलवर खातं आहे तो उघडा आणि गेल्या दोन दिवसांत प्लॅटफॉर्मकडून काय आलंय ते शोधा: पासवर्ड बदलला, ईमेल बदलला, नवीन डिव्हाइसवरून लॉगिन. स्पॅम आणि ट्रॅश पण बघा. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पूर्ण पत्ता वाचा. फेसबुकचे असे मेल facebookmail.com वरून येतात, इन्स्टाचे security@mail.instagram.com वरून. हे पत्ते खोटे वाटतात पण खरे आहेत, आणि खोट्या मेलमध्ये पत्ता याच्या जवळपास जाणारा असतो, म्हणून अक्षर-अक्षर बघा.

आता वेळा जुळवा. बदलाचा मेल आला ती वेळ, आणि बिघाडाचा सुळका सुरू झाला ती वेळ. आपण काही बदललेलं नसताना बदलाचा मेल आला असेल तर बाहेर कितीही बिघाड असू दे, आपली गोष्ट वेगळी.

## मावशीचं प्रकरण

मावशी सांगलीला पापड-कुरडयांच्या ऑर्डरी एका ॲपवरच्या पेजवरून घेते. कुठलं ॲप ते सोडा. एका रविवारी रात्री पावणेदहाला फोन, पासवर्ड चुकीचा येतोय. मी माझ्याकडे बघितलं, माझी फीड पण नवीन येईना. पुण्यातल्या मित्राचं तेच. आलेखात साडेनऊला सुरू झालेला सुळका. मी म्हटलं, मावशी झोप, सगळ्यांचंच गेलंय. चौथी आणि पाचवी पायरी केली आणि सहावी गाळली!

अकराच्या सुमाराला माझं आलं, मित्राचं आलं. मावशीचं येईना. पन्नासेक मिनिटं मी "होईल गं थोड्या वेळात" करत बसलो, मग म्हटलं मेल उघड. सात बावन्नला ईमेल बदलल्याचा मेल पडलेला. सुळक्याच्या दीड तास आधी. मग आठवलं तिला, दुपारी "ब्लू टिक मिळवा" असा मेसेज आला होता आणि तिने आलेला कोड पाठवला होता.

त्या मेलमध्येच "हे मी केलेलं नाही" अशी लिंक होती, तीच वापरून जुना ईमेल परत लागला. अशा लिंका कायम चालत नाहीत, म्हणून सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं कुणास ठाऊक. तोपर्यंत तिच्या तीन गिऱ्हाइकांना "अर्जंट पैसे पाठव" असे मेसेज गेलेच होते.

## ७. निकाल लागल्यावर काय करायचं

बिघाड त्यांचा असेल तर: काही करू नका, आणि यालाच खरी मेहनत लागते. आलेख खाली येऊ लागला की लगेच धावू नका, अर्धा तास जाऊ द्या, कारण त्याच वेळी सगळे एकदम दारावर येतात. मग एकदा जुनाच पासवर्ड टाका. मध्ये रिसेट मागवलाच असेल तर सगळ्यात शेवटी आलेला मेल वापरा, आधीचे डिलीट करा. दूरचे दोघे दोन तास नीट चालवतायत आणि तुमचं अजून फसतंय, तर आता ते बिघाडाच्या खात्यात टाकू नका, वैयक्तिक समजा आणि सहावी पायरी परत करा.

खातं गेलं असेल तर क्रम महत्त्वाचा:

१. सगळ्यात आधी ईमेलचा पासवर्ड बदला, सोशल खात्याचा नाही. चोर मेलमध्ये बसला असेल तर तुमची रिसेट लिंक तोच वाचणार.

२. मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. "या पत्त्यावरून आलेलं थेट ट्रॅशमध्ये टाक" असा फिल्टर लावून ठेवतात, म्हणूनच तर सूचना दिसत नाहीत.

३. आता बदलाच्या मेलमधली "मी केलेलं नाही" लिंक. ती नसेल किंवा संपली असेल तर facebook.com/hacked किंवा instagram.com/hacked हाताने टाईप करून उघडा, सर्चमधून नको. जमलं तर नेहमीच्याच फोनवरून आणि घरच्या वायफायवरून करा, ओळखीचं डिव्हाइस असलं की पटवणं सोपं जातं.

४. ओळखीच्यांना फोनवरून कळवा की माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका. कुणाचे गेलेच असतील तर त्याने ताबडतोब १९३० ला फोन लावायचा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवायची, पैसे पुढे सरकायच्या आत.

५. आत गेल्यावर लॉगिन असलेल्या डिव्हाइसची यादी उघडा, अनोळखी सगळी काढा, आणि खात्याला जोडलेले ईमेल-नंबर परत वाचा. मावशीच्या खात्यात तिचा ईमेल परत आला होता, पण खाली एक जास्तीचा मोबाईल नंबर तसाच राहिला होता, तो दुसऱ्या दिवशी दिसला.